कालाम सुत्त ६५ की ६६?

कालाम सुत्त म्हणजे बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश. त्याचा संदर्भ कुठे अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहातला ३.६५ असा दिलेला असतो, तर कुठे ३.६६ असा. दोन्ही बरोबर असू शकतात. असे का होते, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पाली सुत्ते आधी भाणकांच्या, म्हणजे ती पाठ म्हणणाऱ्या भिक्खूंच्या, मुखी होती, नंतर ती ताडपत्रांवर उतरली. तिथे सुत्त सापडायचे ते निकाय म्हणजे संग्रह, वग्ग म्हणजे त्यातले प्रकरण आणि वग्गाच्या शेवटी येणारे उद्दान यांवरून. उद्दान म्हणजे त्या वग्गातल्या सुत्तांची नावे क्रमाने गुंफलेली गाथा. धम्मपदासारख्या पद्यग्रंथात गाथेचा क्रमांक पुरतो, पण गद्य सुत्तांना अशी सोय नव्हती. त्यात एकाच सुत्ताची नावेही वेगवेगळी. कालाम सुत्त ग्रंथात 'केसमुत्ति' किंवा 'केसपुत्तिय' या नावाने येते.

१८८१ मध्ये लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन झाली आणि तिने रोमन लिपीत ग्रंथ छापायला घेतले. मग अभ्यासक त्या आवृत्तीचा खंड आणि पान सांगू लागले. कालाम सुत्त अंगुत्तराच्या पहिल्या खंडात पान १८८ वर आहे, म्हणून संदर्भ झाला A I 188. हा पत्ता नेमका असला, तरी त्या आवृत्तीची पाने हाताशी नसतील तर निरुपयोगी. म्हणून निकाय आणि क्रमांक देण्याची पद्धत रुळली. दीघ आणि मज्झिम निकायांत ती सरळ आहे, कारण सुत्ते अनुक्रमे ३४ आणि १५२ आणि बहुतेक लांब. संयुत्त निकायात आधी संयुत्ताचा, म्हणजे विषयवार गटाचा, आणि अंगुत्तरात आधी निपाताचा, म्हणजे संख्येनुसार केलेल्या विभागाचा, आकडा येतो. ३.६५ म्हणजे तिक निपातातले, तीन-तीन गोष्टींच्या विभागातले, पासष्टावे सुत्त.

अडचण मोजणीत आहे. तिक निपातात संखताची, म्हणजे कारणांनी घडलेल्याची, तीन लक्षणे आणि असंखताची, म्हणजे तसे न घडलेल्याची, तीन लक्षणे लागोपाठ येतात. रोमन आवृत्तीने दोन्ही मिळून ४७ वे सुत्त धरले. १९५४ ते १९५६ मध्ये रंगूनला झालेल्या छट्ठ संगायनेच्या, म्हणजे सहाव्या धम्मसंगीतीच्या, पाठात ती ४७ आणि ४८ अशी वेगळी आहेत. तिथून पुढचे आकडे एकाने सरकतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचा देवनागरी पाठ छट्ठ संगायनेचाच, म्हणून त्यात कालाम सुत्त ६६ वे.

चूक लक्षात येणे इथे फार कठीण आहे. रोमन क्रमातले ६६ वे सुत्त साळ्ह सुत्त आहे, आणि त्यातही 'मा अनुस्सवेन', म्हणजे ऐकीव परंपरेवरून मानू नका, हा उपदेश जवळपास त्याच शब्दांत येतो. पण तिथे बोलणारे बुद्ध नसून आयुष्मान नन्दक आहेत, आणि स्थळ केसपुत्त नसून सावत्थीचा पूर्वाराम. चुकीचे पान उघडलेला वाचक नन्दकांचे शब्द बुद्धांच्या नावावर उद्धृत करून बसतो. म्हणून मी आकड्याबरोबर सुत्ताचे नाव आणि आवृत्ती लिहितो, आणि उद्धृत करण्याआधी निदानातले, म्हणजे सुत्ताच्या प्रास्ताविकातले, स्थळ व वक्ता वाचून घेतो.