डेल्टा ई कमी आहे म्हणून कलर व्हॉल्यूमही भारी असेल, हे डोक्यातून काढा

टीव्ही घ्यायच्या आधी रिव्ह्यू वाचणारे लोक वाढलेत ही चांगली गोष्ट आहे, पण त्यातले निम्मे डेल्टा ई चा आकडा बघतात आणि तिथेच थांबतात. "याचा १.३ आहे, त्याचा २.८, म्हणजे पहिल्याचे रंग जास्त भारी." अहो नाही. डेल्टा ई हा चूक किती ते सांगणारा आकडा आहे, ताकद किती ते सांगणारा नाही. ताकदीचा आकडा दोन ग्राफ खाली असतो, कलर व्हॉल्यूम नावाने, आणि तिथपर्यंत कोणी स्क्रोल करत नाही.

डेल्टा ई तुम्हाला माहीतच असेल, म्हणून थोडक्यात. सिग्नलने जो रंग मागितला आणि स्क्रीनने जो दाखवला त्यांच्यातलं अंतर. १ च्या आसपास असेल तर शेजारी शेजारी ठेवूनही फरक कळणं कठीण, ३ च्या आत असेल तर नुसता पिक्चर बघताना सहसा कळत नाही, ५ च्या वर गेलं की चेहरे लालसर किंवा पांढरा शर्ट निळसर दिसायला लागतो. सरासरीसोबत टेस्टमधला सगळ्यात वाईट पॅच, म्हणजे रंगाचा तुकडा, कुठला तेही बघा, बास. (१.३ आणि १.९ वरून भांडणारे लोक मला कळत नाहीत, दिसणार आहे का तुम्हाला सोफ्यावरून?)

आता खरा घोळ. पेटी सुरात लावलेली आहे का हा एक प्रश्न आणि पेटीला सप्तकं किती हा वेगळा प्रश्न. डेल्टा ई पहिल्याचं उत्तर देतो, कलर व्हॉल्यूम दुसऱ्याचं, म्हणजे किती गडद रंग किती उजेडापर्यंत गडद ठेवून दाखवता येतात त्याचं. गॅमट म्हणजे टीव्ही कुठले रंग दाखवू शकतो त्याचा त्रिकोणी नकाशा, त्यात उजेड मोजलेलाच नसतो, त्यामुळे सिनेमासाठी ठरलेल्या रंगांपैकी किती दिसतात ते सांगणारं "पी३ ९८ टक्के" वाचून हुरळू नका, तो ९८ टक्के किती निट्सपर्यंत, म्हणजे किती उजेडापर्यंत टिकतो हे तो नकाशा सांगतच नाही.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी धरलेत. दोन टीव्ही आहेत, दोघांचाही डेल्टा ई १.५ आणि दोघांचाही पांढरा १००० निट्स. स्पेक शीटवर जुळे भाऊ. आता रिव्ह्यूवाल्याने शुद्ध लाल, हिरवा, निळा वेगवेगळे मोजले असतील तर ते बघा. पहिल्याचा लाल २२५, हिरवा ६९०, निळा ८०. बेरीज ९९५, म्हणजे जवळपास पांढऱ्याइतकीच. दुसऱ्याचा लाल ११०, हिरवा ३४०, निळा ४०. बेरीज ४९०. मग उरलेले ५१० निट्स कुठून आले? पांढऱ्या सबपिक्सेलमधून. नेहमीच्या ओएलईडीमध्ये पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला एक पांढरा सबपिक्सेल असतो, तो उजेड वाढवतो पण रंग वाढवत नाही. क्यूडी-ओएलईडीमध्ये तो नसतो म्हणून तिथे बेरीज जुळते. नवीन ओएलईडी पॅनेलमध्ये हा फरक बराच कमी झालाय, पण गेलेला नाही.

मग दोघांचा डेल्टा ई सारखा कसा? कारण ती टेस्ट बहुतेक वेळा एसडीआरमध्ये, म्हणजे नेहमीच्या साध्या सिग्नलवर होते, जिथे पांढरा साधारण १०० निट्सला धरलेला असतो. तिथे पूर्ण लाल म्हणजे जेमतेम २१ निट्स. दुसऱ्या टीव्हीचा लाल ११० पर्यंत जातो, त्याला २१ म्हणजे काहीच नाही, तो अचूक दाखवणारच. एचडीआरमध्येही, म्हणजे जास्त उजेड मागणाऱ्या सिग्नलवरही डेल्टा ई मोजतात, पण पॅचेस बहुधा मध्यम उजेडाचे असतात. आता एचडीआर सिनेमात रात्रीच्या रस्त्यावर एक लाल निऑन बोर्ड आहे आणि सिग्नल म्हणतोय लाल, २०० निट्स. पहिला देतो. दुसऱ्याकडे दोनच रस्ते आहेत, एकतर ११० वर थांबून मंद लाल दाखवायचा नाहीतर पांढरा मिसळून उजेड गाठायचा आणि लाल गुलाबीकडे झुकवायचा. ही गोष्ट डेल्टा ई च्या सरासरीत कुठेच दिसत नाही, आणि म्हणूनच लोक नंतर विचारत बसतात की रिव्ह्यूत तर भारी लिहिलेलं मग स्फोटाचे सीन फिके का.

एलसीडीवाल्यांनी लगेच खूश होऊ नका. क्वांटम डॉटवाला चांगला एलसीडी वरच्या टोकाला जोरदार असतो पण खालच्या टोकाला मार खातो, कारण बॅकलाइटचा उजेड गळतो आणि अंधारातला गडद निळा राखाडी होतो. ओएलईडी तिथे जिंकतो. म्हणून नुसती टक्केवारी नको, ग्राफ कुठल्या टोकाला कमी पडतोय ते बघा.

आणि टक्केवारी कशाची हे तर विचाराच. काही ठिकाणी व्हॉल्यूम त्या टीव्हीच्या स्वतःच्या कमाल उजेडापर्यंतच मोजतात. तसं असेल तर ३०० निट्सचा साधा टीव्हीही ९५ टक्के दाखवेल आणि १५०० निट्सचा ९० टक्के, आणि कोणीतरी पहिला "रंगात सरस" म्हणून घेऊन येईल. १००० निट्स किंवा १०,००० निट्स अशी ठरलेली मर्यादा धरून दिलेला आकडाच तुलनेला घ्या. खोक्यावरचा "१०७ कोटी रंग" तर सोडूनच द्या, तो दहा बिटचा हिशोब आहे, १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४. पायऱ्या किती ते कळलं, जिना किती उंच ते नाही.

माझं मत विचाराल तर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मीटर लावून रंग जुळवण्याच्या आधीचा डेल्टा ई ४ असलेला पण व्हॉल्यूम मोठा असलेला टीव्ही मी डोळे झाकून घेईन, उलटं नाही. चूक बरीचशी सेटिंगची असते, फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावा, कलर टेम्परेचर वॉर्म करा, निम्मं काम तिथेच होतं, फारच खटकलं तर मीटरवाल्याला बोलवा. व्हॉल्यूम पॅनेलमध्ये असतो, कुठल्याही मेनूत तो वाढवायचं बटण नाही. व्हिव्हिड मोड हे ते बटण नाही!! त्यात फक्त चेहरे भाजल्यासारखे होतात. आणि कृपा करून रिव्ह्यूवाल्याचे वीस पॉइंटचे व्हाइट बॅलन्सचे आकडे आपल्या टीव्हीत टाइप करू नका, ते त्याच्या हातातल्या पॅनेलचे होते, तुमचं पॅनेल वेगळं, डेल्टा ई सुधारायच्या ऐवजी बिघडू शकतो.

एक अपवाद मात्र आहे. घरात दिवसभर केबलवर बातम्या आणि मालिकाच चालणार असतील तर हा सगळा माल एसडीआर आहे, तो एवढा व्हॉल्यूम मागतच नाही. तिथे कॅलिब्रेशनच्या आधीचा डेल्टा ई बघा, मोठ्या व्हॉल्यूमचे वरचे पैसे वाचवा आणि त्यात साउंडबार घ्या.