संपादन-अंतराचा तक्ता

एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती दुरुस्त्या लागतात, त्या संख्येला त्या दोन शब्दांमधले संपादन-अंतर किंवा एडिट डिस्टन्स म्हणतात. दुरुस्त्या तीनच प्रकारच्या धरतात: एक अक्षर घालणे, एक अक्षर गाळणे आणि एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवणे. प्रत्येकीची किंमत १. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये संदेशातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांवर लिहिताना हे माप मांडले, म्हणून त्याला लेव्हेनश्टाइन अंतरही म्हणतात. ते तक्ता भरून काढण्याची रीत वॅग्नर आणि फिशर यांच्या १९७४ च्या शोधनिबंधाच्या नावाने ओळखली जाते, पण त्याआधीही ती वेगवेगळ्या क्षेत्रांत स्वतंत्रपणे सापडली होती.

तक्त्यातून अंतराचा आकडा तर मिळतोच, शिवाय नेमक्या कोणत्या दुरुस्त्या करायच्या हेही त्यातच दडलेले असते. ते वाचून काढणे हा या रीतीचा खरा उपयोगाचा भाग आहे आणि चुकाही तिथेच होतात.

तक्ता भरणे

‘कसरत’ या शब्दाचा ‘सरहद’ करायचा आहे असे धरू. मूळ शब्दाची अक्षरे डावीकडे वरून खाली लिहायची, हव्या असलेल्या शब्दाची वर आडवी. दोन्हींच्या सुरुवातीला रिकाम्या शब्दासाठी एकेक जागा सोडायची. चार अक्षरी दोन शब्दांचा तक्ता त्यामुळे पाच गुणिले पाच होतो. ही जादा ओळ विसरली की पुढचे सगळे आकडे चुकतात.

प्रत्येक घरातला आकडा म्हणजे मूळ शब्दाच्या तिथपर्यंतच्या तुकड्यापासून दुसऱ्या शब्दाच्या तिथपर्यंतच्या तुकड्याचे अंतर. रिकाम्या शब्दापासून चार अक्षरे करायला चार वेळा अक्षर घालावे लागते, म्हणून पहिली ओळ ० ते ४ अशी येते. पहिला स्तंभही तसाच, फक्त तिथे अक्षरे गाळायची असतात. `i` व्या ओळीतल्या, `j` व्या स्तंभातल्या घराला `D[i][j]` म्हटले तर बाकीची घरे या सूत्राने भरतात, `min` म्हणजे तिन्हींतला सर्वांत लहान आकडा:

```
D[i][j] = min(D[i-1][j] + 1,
              D[i][j-1] + 1,
              D[i-1][j-1] + k)
```

दोन्ही अक्षरे सारखी असतील तर `k` शून्य, नसतील तर एक. वरच्या घरातून खाली येणे म्हणजे मूळ शब्दातले अक्षर गाळणे, डावीकडून उजवीकडे येणे म्हणजे नवे अक्षर घालणे, आणि तिरके येणे म्हणजे अक्षर तसेच ठेवणे किंवा बदलणे.

| | – | स | र | ह | द |
|---|---|---|---|---|---|
| – | ० | १ | २ | ३ | ४ |
| क | १ | १ | २ | ३ | ४ |
| स | २ | १ | २ | ३ | ४ |
| र | ३ | २ | १ | २ | ३ |
| त | ४ | ३ | २ | २ | ३ |

खालच्या उजव्या कोपऱ्यातले ३ हे उत्तर. अक्षराखाली अक्षर ठेवून तुलना केली असती तर चारही जागी फरक दिसला असता. ‘सर’ हा तुकडा दोन्ही शब्दांत आहे, फक्त एका घराने सरकलेला. तक्ता नेमके हेच सरकणे पकडतो.

पावले उलटी वाचणे

वाचन कोपऱ्यापासून मागे, वरच्या डाव्या शून्याकडे करायचे. प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा कोणत्या शेजाऱ्यापासून आला असेल? (त, द) या घरात ३ आहे. तिरक्या घरात २ आहेत आणि अक्षरे वेगळी आहेत, म्हणून २ + १ = ३ जुळते: ‘त’ च्या जागी ‘द’. आता आपण (र, ह) मध्ये, आकडा २. डावीकडच्या (र, र) मध्ये १ आहे, म्हणून ‘ह’ घातला. (र, र) मध्ये अक्षरे सारखी आणि तिरक्या घरातही १, म्हणून ‘र’ तसाच. (स, स) मध्येही हेच, ‘स’ तसाच. मग पहिल्या स्तंभातले ‘क’ चे घर, तिथून वर जाता येते: ‘क’ गाळला. झाल्या तीन दुरुस्त्या.

हमखास होणारी चूक म्हणजे हिशेब न करता सर्वांत लहान आकड्याच्या घरात सरकणे. (स, स) चे घर जवळून पाहा. त्यात १ आहे, वरच्या (क, स) मध्येही १ आणि तिरक्या घरातही १. वर सरकले तर ‘स’ गाळल्यासारखे होते, पण गाळण्याची किंमत धरून १ + १ = २ होतात आणि घरात तर १ आहे. तरीही त्या वाटेने गेलो तर पुढे ‘क’ च्या जागी ‘स’ करावा लागतो. शब्द शेवटी बरोबरच तयार होतो, म्हणून चूक पटकन लक्षात येत नाही. पडताळा सोपा आहे: वाटेतल्या दुरुस्त्या मोजायच्या. त्या चार भरल्या आणि कोपऱ्यात तीन आहेत, तर वाट चुकली.

(त, द) पाशी दुसरीही वाट आहे. डावीकडच्या (त, ह) मध्येही २ आहेत. त्या वाटेने ‘द’ घातला जातो आणि ‘त’ चा ‘ह’ होतो. दोन्ही उत्तरे तितकीच बरोबर. या तक्त्यात अशा दोनच वाटा आहेत, लांब शब्दांत त्या कितीतरी असू शकतात. दर वेळी तेच उत्तर हवे असेल तर कोणत्या दिशेला आधी पसंती द्यायची ते आधीच ठरवून ठेवावे.

पावले लागू करणे

उलट्या वाचनाचा एक फायदा आहे. ज्या क्रमाने पावले सापडली त्याच क्रमाने, म्हणजे शब्दाच्या शेवटाकडून, ती लागू केली तर मूळ शब्दातले अक्षरांचे क्रमांक बदलत नाहीत. चौथे अक्षर बदलून ‘कसरद’, तिसऱ्यानंतर ‘ह’ घालून ‘कसरहद’, पहिले गाळून ‘सरहद’. हेच क्रमांक सुरुवातीकडून वापरले तर ‘सरत’, मग ‘सरतह’, मग ‘सरतद’ असा भलताच शब्द हाती येतो. पहिले अक्षर गाळल्यावर पुढची सगळी एकेक घर मागे सरकली, पण क्रमांक जुनेच राहिले.

फक्त अंतर हवे असेल तर मागची एक आणि चालू एक अशा दोनच ओळी पुरतात. पावले हवी असतील तर सर्वसाधारणपणे पूर्ण तक्ता जपावा लागतो: दहा हजार अक्षरांच्या दोन मजकुरांना सुमारे दहा कोटी घरे. हिर्शबर्ग यांनी १९७५ मध्ये दाखवलेल्या रीतीने मजकूर विभागत गेले तर थोड्या जागेतही वाट सापडते, मात्र आकडेमोड साधारण दुप्पट होते.

देवनागरीत अक्षर कशाला म्हणायचे

वरचे शब्द मुद्दाम काना-मात्रा नसलेले घेतले. संगणकात ‘की’ म्हणजे ‘क’ आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे असतात आणि ‘क्ष’ म्हणजे तीन. त्यामुळे ‘पक्ष’ आणि ‘पक’ यांचे अंतर चिन्हांनी मोजले तर २, पूर्ण अक्षरांनी मोजले तर १. वाटेत हलन्त उघडा पडून ‘पक्’ असा अर्धवट शब्दही दिसतो. वाचकाला पावले दाखवायची असतील तर पूर्ण अक्षरे एकक धरावीत. शुद्धलेखन तपासायला मात्र चिन्हेच बरी, कारण तिथे ‘कि’ आणि ‘की’ यांच्यात १ अंतर येते आणि ‘कि’ आणि ‘मो’ यांच्यात २. पूर्ण अक्षरांनी मोजले तर ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि सर्वस्वी वेगळे अक्षर एकाच मापात बसतात.

‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, तक्त्यात मात्र त्यांचे अंतर २ येते. सारख्या दिसणाऱ्या शब्दांमध्ये असे अंतर निघाले तर तक्त्यात चूक शोधत बसण्याआधी दोन्ही शब्द युनिकोडच्या `NFC` या प्रमाण रूपात आणावेत, तिथे हा ‘ऱ’ एकच चिन्ह होतो.