लाइव्ह विक्रीसत्र (हस्तनिर्मित वस्तूंचे)

कारागिराने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी कॅमेऱ्यासमोर एकेक नग दाखवायचा आणि बघणाऱ्यांनी तेव्हाच कमेंट करून तो आपल्या नावावर राखायचा, अशी विक्रीची पद्धत. ‘लाइव्ह सेल’ किंवा नुसतेच ‘लाइव्ह’ ही नावे बोलण्यात रुळली आहेत. कारखान्यात तयार झालेल्या मालाचे सत्र यापेक्षा वेगळे असते. तिथे एकच वस्तू शेकड्यांनी शिल्लक असते, तर हाताने केलेला प्रत्येक नग एकटाच असतो. पुढील विवेचन मुख्यतः अशा एकेकट्या नगांच्या विक्रीविषयी असून उदाहरण म्हणून चाकावर घडवलेले मातीचे कप घेतले आहेत.

उगम : या पद्धतीचे मूळ कुठे शोधायचे याबाबत एकमत नाही. तिला दूरचित्रवाणीवरील विक्रीची पुढची पायरी मानणारा मत-प्रवाह अधिक प्रचलित आहे. त्यात साधारणतः अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यापासून सुरुवात करतात. तिथल्या एका रेडिओ केंद्राला १९७७ च्या सुमारास एका जाहिरातदाराने पैशांऐवजी डबे उघडायचे ओपनर दिले आणि निवेदकाने ते श्रोत्यांना थेट विकले, अशी हकिकत सांगितली जाते. त्यातूनच १९८२ मध्ये केबलवर विक्रीची स्थानिक वाहिनी निघाली आणि १९८५ पासून ती अमेरिकाभर दिसू लागली. इंटरनेटवर या प्रकाराला मोठे व्यापारी रूप आले ते चीनमध्ये. ‘ताओबाओ लाइव्ह’ ही सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. दुसरे मत लिलावाकडे बोट दाखवते. नग ओळीने पुढे येणे, त्याला क्रमांक असणे आणि कोणाचा शब्द आधी आला यावर तो कोणाचा हे ठरणे, ही सगळी लिलावाची लक्षणे आहेत. फक्त बोली चढत नाही. आग्नेय आशियातील छोट्या विक्रेत्यांमध्ये हे स्पष्ट दिसते. तिथे फिलिपिन्समध्ये ग्राहक नगाच्या खुणेसोबत ‘माइन’ आणि थायलंडमध्ये ‘सीएफ’, म्हणजे ‘कन्फर्म’, लिहून हक्क सांगतो. कारखान्याच्या मालाला पहिले मत लागू पडते. हस्तनिर्मित वस्तूंबाबत मात्र दुसरे अधिक पटते, कारण इथले जवळजवळ सगळे वाद ‘आधी कोण’ या प्रश्नावरच होतात. फेसबुकने विक्रीसाठीची खास लाइव्ह सोय १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केली. तरीही साधे थेट प्रक्षेपण आणि कमेंट यांवर चालणारी विक्री थांबली नाही, हेही याच मताला बळ देते.

तयारी : प्रत्येक कपाला क्रमांकाची चिठ्ठी लावून, त्या क्रमांकासह सगळ्यांचे फोटो एक-दोन दिवस आधी टाकतात. बघणारा आपला कप आधीच हेरून येतो आणि सत्रात निर्णयाला लागणारा वेळ वाचतो. वहीत दर क्रमांकापुढे किंमत, उंची, कपात मावणारे पाणी आणि दोष लिहिलेले असतात. दोष कॅमेऱ्याजवळ नेऊन दाखवावेत : झिलईतले टाचणीच्या टोकाएवढे छिद्र, बुडाशी थबकलेला ओघळ, किंचित तिरपा कान. न सांगितलेला ओघळ परत पाठवण्याचे कारण ठरतो, तर सांगितलेला पुष्कळदा त्याच कपाच्या निवडीचे.

रंगाची अडचण याहून चिवट आहे. फोन पांढऱ्याचा समतोल आपोआप बदलत राहतो; मागे पिवळा कपडा आला की निळसर हिरवी झिलई नुसती निळी दिसू लागते. म्हणून प्रकाशाचे स्रोत मिसळत नाहीत, फोनमध्ये सोय असल्यास समतोल आणि उजेड एका जागी पक्के करतात आणि कपाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवतात. पडद्यावर कागद निळा किंवा पिवळा दिसला, तर झिलईचा रंगही चुकीचा दिसतो आहे असे समजावे. चकाकी मोडण्यासाठी दिव्यापुढे पातळ पांढरे कापड पुरते.

वेळेचे गणित : ३० कप, दर कपाला अडीच मिनिटे, म्हणजे ७५ मिनिटे. लोक जमेपर्यंतची सुरुवातीची १० आणि शेवटी राहिलेले नग पुन्हा दाखवायची ५ धरली, तर सत्र दीड तासाचे होते. एका बैठकीला हे पुरे. पुढे बोलणाऱ्याचा आवाज बसतो आणि नोंदी चुकू लागतात. सर्वांत देखणा कप पहिल्या १० मिनिटांत काढू नये, कारण ज्यांना तो हवा असतो ते बहुधा अजून आलेले नसतात. वार आणि तास मात्र दर वेळी तोच ठेवावा.

‘आधी कोण’ : प्रक्षेपण बघणाऱ्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोचते आणि हा उशीर सर्वांना सारखा नसतो. समजा, एकाला कप ४ सेकंदांनी दिसतो, दुसऱ्याला १२. दोघांनी दिसताक्षणी लिहिले तरी दुसरा ८ सेकंदांनी मागे पडतो. कमेंटही प्रत्येकाच्या पडद्यावर त्याच क्रमाने दिसतील असे नाही. तेव्हा विक्रेत्याने नाव लगेच पुकारू नये. किंमत सांगून २० सेकंद थांबावे. कमेंट विक्रेत्याच्या कोणत्या यंत्रावर पाहिल्या जातील आणि तिथला क्रमच अंतिम राहील, हे सुरुवातीलाच सांगावे. उशिरातला फरक यानेही पुसला जात नाही. म्हणून फार मागणीच्या एखाद्या कपासाठी पहिल्या अर्ध्या मिनिटात लिहिणाऱ्या सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकणे अधिक न्याय्य. तसे करायचे असेल तर ते आधी जाहीर करावे. मागाहून बदललेला नियम कोणी विसरत नाही.

कप दाखवणारा आणि नोंद ठेवणारा ही दोन वेगळी माणसे हवीत. समजा, १७ क्रमांकाच्या कपावर तीन कमेंट आल्या : ‘१७’, ‘१७ बुक’ आणि ‘यात पाणी किती मावतं?’ नोंद ठेवणारा पहिले नाव, त्याची वेळ आणि त्याखाली दुसरे नाव लिहितो. तिसऱ्याच्या नावापुढे हक्क लागत नाही. त्याला उत्तर द्यायचे असते. दाखवणाऱ्याने मापातून २०० मिलिलिटर पाणी कपात ओतले, की पुढच्या अनेकांच्या शंका त्यातच मिटतात.

नंतरची कामे : त्याच रात्री प्रत्येकाला एकच संदेश जातो. त्यात घेतलेले सगळे क्रमांक, पाठवणीखर्चासह एकूण रक्कम आणि पैसे भरायची मुदत असते. २४ तास सोयीचे. मुदत टळली की १७ क्रमांक दुसऱ्या नावाकडे जातो. दुसरे नाव लिहिलेले नसेल तर तोच कप पुढच्या सत्रात पुन्हा मांडावा लागतो आणि ‘हा मागे गेला होता ना?’ असा प्रश्न ऐकावा लागतो.

‘अगदी तस्साच करून द्या’ ही मागणी सत्रानंतर हमखास येते आणि हातची चूक बहुधा तिथेच होते. माती वाळताना आणि भाजताना मिळून सुमारे १० ते १२ टक्के आकसते, झिलईचा रंग भट्टीत कप कुठे ठेवला होता यावरही ठरतो. त्यामुळे ‘त्याच जातीचा’ एवढेच कबूल करावे. मुदतही भट्टीवरून मोजतात. वाळायला आठवडाभर, मग कच्ची भाजणी, झिलई आणि साधारण १२०० ते १२५० अंश सेल्सिअसवरची पक्की भाजणी. भट्टी भरेपर्यंत थांबणेही त्यात आले, म्हणून चार-पाच आठवडे सांगतात. भट्टीत २० कप मावत असतील तर मागणीचे १५च घ्यावेत. उरलेली जागा तडकणाऱ्या कपांच्या बदल्यात घडवलेल्या जास्तीच्या कपांसाठी लागते.