सामाईक खर्च कोणत्या मालावर किती टाकायचा?
कॉस्ट ऑडिटच्या उत्पादननिहाय खर्चपत्रकाबद्दल, आमच्या कारखानदार ग्राहकांसाठी

खर्चपत्रकात कच्चा माल आणि थेट मजुरी फारशी अडवत नाही. अडतं ते शेडचं भाडं, सुपरवायझरचे पगार आणि मशीनच्या घसाऱ्यापाशी, कारण हे खर्च सगळ्या मालांचे मिळून असतात. सोपं म्हणून बरेच जण ते विक्रीच्या प्रमाणात वाटतात. पण महाग विकलं जातं म्हणून एखाद्या मालाने मशीन जास्त वापरलेलं नसतं.

समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचा वर्षाचा स्थिर खर्च 24 लाख आहे आणि तिथे पंप बॉडी, बिडाचं ब्रॅकेट आणि गनमेटल बुश होतात. विक्रीत त्यांचा वाटा 50, 20 आणि 30 टक्के. विक्रीवर वाटप केलं तर बुशवर 7 लाख 20 हजार पडतात. जॉब कार्डं पाहिली तर बुशला लागले फक्त 1,000 मशीन तास. बॉडीला 6,000 आणि ब्रॅकेटला 3,000. बुश महाग आहे तो धातूमुळे.

म्हणून इथे आधार मशीन तासांचा. पण भागायचं कशाने? वर्षात 10,000 तास काम झालं असलं तरी शॉपची सामान्य क्षमता 12,000 तासांची आहे. कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड 3 नुसार स्थिर उत्पादन खर्च सामान्य क्षमता किंवा प्रत्यक्ष वापर, यांपैकी जो जास्त त्यावर आकारतात. दर आला तासाला 200 रुपये. बॉडीवर 12 लाख, ब्रॅकेटवर 6 आणि बुशवर 2. उरलेले 4 लाख मोकळ्या मशीनचे. ते कोणत्याही मालाच्या माथी मारू नका. कॉस्टचा नफा आणि हिशेबवहीचा नफा जुळवण्याच्या तक्त्यात वेगळे दाखवा. दर 240 रुपये धरला की हे 4 लाख गुपचूप मालात शिरतात.

सगळ्यांना एकच आधार चालत नाही. भाडं चौरस फुटांवर, कँटीन हजेरीवर, वीज सबमीटरवर. सबमीटर नसेल तर जोडलेले एचपी गुणिले चाललेले तास. हा अंदाज आहे, तसं पत्रकात लिहा. आधार प्रत्येक खर्चासमोर नोंदवा आणि मागच्या वर्षीचा बदलला असेल तर कारण आणि त्याचा परिणामही द्या.

पत्रक आमच्याकडे पाठवण्याआधी एक बेरीज करा. सगळ्या मालांवर टाकलेला खर्च अधिक न आकारलेला खर्च लेजरशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर बहुधा एखादा खर्च दोनदा धरलेला असतो: फर्नेसची वीज थेट मालावर टाकली आणि तीच सामाईक बिलातही राहिली, हे आम्हाला नेहमी दिसतं.

ऑडिटरचा अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून 180 दिवसांत संचालक मंडळाकडे जावा लागतो. तेव्हा मशीन तासांची बेरीज दर महिन्याला करून ठेवा. सप्टेंबरमध्ये जुनी जॉब कार्डं शोधत बसलं की तास आठवणीने भरले जातात आणि ते लगेच ओळखू येतात: बाराही महिने आकडा सारखाच!