शब्द झाकले गेले तेव्हा : डिलनची इलेक्ट्रिक गिटार आणि दुखावलेले श्रोते

25 जुलै 1965 च्या रविवारी रात्री अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात निषेधगीतांसाठी गाजलेला चोवीस वर्षांचा लोकगायक बॉब डिलन रंगमंचावर आला, तेव्हा त्याच्या गळ्यात नेहमीची लाकडी गिटार नव्हती. फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार घेऊन तो उभा होता आणि त्याच्या मागे दुसरी इलेक्ट्रिक गिटार, इलेक्ट्रिक बास, ऑर्गन आणि ड्रम असा ताफा होता. केवळ एका रात्रीच्या तालमीवर हा ताफा ‘मॅगीज फार्म’ हे गाणे वाजवू लागला. तीन गाणी होताच डिलन आत निघून गेला. मैदानातून हुर्योचे आवाज उठले, त्यांत टाळ्याही मिसळलेल्या होत्या. आग्रहामुळे तो साधी गिटार घेऊन परतला आणि आणखी दोन गाणी एकट्याने गायला.

हुर्यो का उडाली, याविषयी तिथे हजर असलेल्यांमध्येच एकमत नाही. ऑर्गन वाजवणाऱ्या अल कूपरच्या मते लोक चिडले ते मुख्य गायकाने अवघी तीन गाणी म्हटली म्हणून. मात्र मंचामागे त्याच वेळी जो वाद पेटला होता, त्याचे कारण स्पष्ट होते. लोकसंगीताच्या चळवळीतील सर्वांत आदरणीय गायक पीट सीगर संतापले होते. शब्द ऐकूच येत नाहीत, हातात कुऱ्हाड असती तर मायक्रोफोनची तारच तोडून टाकली असती, अशी आपली तेव्हाची भावना त्यांनी नंतर अनेकदा सांगितली. सीगर यांच्या या तक्रारीकडे बहुधा नव्याला घाबरणाऱ्या जुन्या माणसाची कुरकुर म्हणून पाहिले जाते. मला ते अन्यायाचे वाटते, कारण ध्वनिविज्ञानाच्या दृष्टीने ती तक्रार बहुतांशी खरी होती, आणि फसवणुकीची भावना कशी तयार झाली हे समजून घेण्याची वाटही तिथूनच जाते.

साध्या गिटारीची तार छेडली की तिची ऊर्जा लाकडी पेटीच्या वरच्या फळीतून हवेत जाते आणि लवकर संपते. आवाज क्षणात उठतो आणि लगेच विरू लागतो. दोन छेडण्यांच्या मध्ये जी मोकळी जागा राहते, तिच्यात गायकाचे शब्द बसतात. एकटा गायक स्वतःच वादकही असल्यामुळे महत्त्वाच्या शब्दापाशी त्याचा हात आपोआप हलका होतो. लोकगायकांपुढे मायक्रोफोन होतेच, त्यामुळे वीज त्यांच्या मैफलींत आधीपासून होती. पण मायक्रोफोन गळा आणि गिटार यांचे आपसांतील प्रमाण फारसे न बिघडवता दोघांना सारखेच मोठे करतो.

इलेक्ट्रिक गिटारीचे तसे नाही. तिच्या तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेढ्यांमध्ये अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवतो. त्या काळच्या ॲम्प्लिफायरमधील निर्वात नळ्यांना झेपेल त्याहून जोरकस संकेत दिला की लहरींचे माथे कापले जातात. याचे दोन परिणाम होतात. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आणि त्याहून वरच्या कंप्रतेचे अनेक स्वर नव्याने निर्माण होतात. शिवाय लहरीचा माथा कापला गेल्यामुळे स्वर विरत जात असतानाही ऐकणाऱ्याला तो बराच वेळ जवळपास तेवढाच मोठा भासतो. म्हणजे साध्या गिटारीने शब्दांसाठी सोडलेली मोकळी जागा इथे भरून जाते.

आता कानाचा विचार करू. शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि ती बोलण्यातील सर्वांत दुबळी बाजू असते. इंग्रजीतील सर्वांत जोरकस स्वर आणि सर्वांत क्षीण व्यंजन यांच्या शक्तीत शेकडो पटींचा फरक आढळतो. अनेक व्यंजनांची ओळख पटवणारी माहिती सुमारे 2000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि कापलेल्या लहरींतून आलेले वरचे स्वर व झांजांचा झणत्कार नेमके याच पट्ट्यात येऊन बसतात. एका आवाजामुळे दुसरा ऐकू न येण्याच्या या घटनेला ध्वनीचे आच्छादन म्हणतात. त्यात भर म्हणजे आवाज फार मोठा असला तर खालच्या पट्टीतला बासही वरच्या पट्टीतील क्षीण आवाज झाकू लागतो. अशा वेळी गायकाचा गळा ऐकू येतो, तो कुठल्या सुरात आहे हेही कळते, फक्त तो काय म्हणतो आहे ते कळत नाही. गाणे ओळखीचे असेल तर मेंदू गाळलेल्या जागा स्मरणातून भरून काढतो. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे सहा मिनिटांहून लांब, शब्दांनी ठासून भरलेले गाणे त्या रविवारच्या पाचच दिवस आधी प्रकाशित झाले होते, त्यामुळे बहुतेकांच्या स्मरणात भरायला काही नव्हते.

मग गायकाचा आवाज वाढवला का नाही, असा प्रश्न सहज पडतो. तो एका मर्यादेपलीकडे वाढवताच येत नव्हता. गिटार आणि ड्रम यांचे आवाज थेट मंचावरून निघत होते, तर गळा तेवढा मैदानातील स्पीकरांमधून येत होता. ती स्पीकर-व्यवस्था मुळात बोलणे आणि साधे गाणे दूरवर पोहोचवण्यासाठी असे. गळ्याचा मायक्रोफोन फार उघडला की शेजारचे ड्रम त्यातच शिरतात, आणि त्याहून पुढे गेले की स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये जाऊन कर्कश शिटी सुरू होते. म्हणूनच ध्वनिनियंत्रण करणाऱ्यांकडे आवाज कमी करण्याचा निरोप गेला, तरी मंचावरचे ॲम्प्लिफायर काही त्यांच्या ताब्यात नव्हते. श्रोता कुठे बसला आहे यावर तो काय ऐकणार हे ठरत होते. मंचाजवळ असलेल्याच्या अंगावर गिटार येत होती आणि शब्द बाजूच्या स्पीकरमधून कसाबसा पोहोचत होता. आज जतन झालेले ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला डिलनचा गळा स्वच्छ ऐकू येतो आणि तेव्हाच्या तक्रारी खोट्या वाटतात. पण ध्वनिमुद्रणात गळा मायक्रोफोनमधून थेट गेलेला असतो. मैदानातील माणसाच्या कानाशी त्या फितीची तुलना करणे योग्य नाही.

एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही, कारण मोठ्या आवाजाने माणूस वैतागतो, त्याला फसवले गेल्यासारखे वाटत नाही. त्याच महोत्सवात त्याच आठवड्याच्या शेवटी पॉल बटरफील्डचा ब्लूज वाद्यवृंद इलेक्ट्रिक वाद्यांवर वाजवून गेला होता, आणि डिलनच्या मागचे काही वादक त्याच वृंदातले होते. त्यांच्या वाट्याला असे काही आले नाही. म्हणजे आक्षेप केवळ विजेवर नव्हता. डिलन आपला मानला जात होता, हे यातील खरे मर्म आहे. 1988 साली जोझे मार्केश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक मानसशास्त्रात ‘काळ्या मेंढीचा परिणाम’ मांडला. गटाचे संकेत मोडणारा माणूस बाहेरचा असेल तर लोक त्याला जेवढा दोष देतात, त्याहून अधिक कठोरपणे ते आपल्या गटातल्या माणसाला दोष देतात, असे त्यात दिसून आले. आपल्यातल्याने केलेल्या कृतीने आपली ओळखच डागाळते, असे त्यांना वाटते.

आणि न्यूपोर्टची ओळख फार विचारपूर्वक घडवलेली होती. 1963 पासून हा महोत्सव नफा न घेण्याच्या तत्त्वावर चालत होता आणि प्रसिद्ध असो वा अनोळखी, प्रत्येक कलावंताला 50 डॉलर आणि येण्या-राहण्याचा खर्च एवढेच मिळत असे. त्याच वर्षी समारोपाला डिलन, सीगर, जोन बाएझ आणि इतर गायक हातांत हात गुंफून नागरी हक्कांच्या लढ्याचे गीत गायले होते. सीगर राजकीय मतांपायी अनेक वर्षे दूरचित्रवाणीच्या प्रमुख वाहिन्यांवरील बंदी सोसत होते. या मंडळींच्या लेखी साधी गिटार म्हणजे कोणालाही परवडणारे, चार-दोन स्वरसंगती शिकून घरी वाजवता येणारे वाद्य होते, आणि गाणे म्हणजे सर्वांनी मिळून म्हणायची गोष्ट होती. जे शब्द ऐकू येत नाहीत ते सोबत म्हणता येत नाहीत. आच्छादनामुळे केवळ कविता झाकली गेली नाही, श्रोत्याचा गाण्यातला वाटाही त्याच्याकडून गेला. तो सहगायक न राहता नुसता प्रेक्षक झाला, आणि तेही त्या पॉप संगीतासारख्या आवाजात, ज्याला तो बाजाराचा आवाज म्हणत आला होता.

नाद आणि नाते यांपैकी कशाने किती दुखावले, हे वेगळे करून पाहण्याची संधी पुढच्या वर्षीच्या ब्रिटनच्या दौऱ्याने दिली. 17 मे 1966 रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये डिलन पूर्वार्धात एकटाच सात गाणी गायला आणि उत्तरार्धात पाच वादकांसह आठ. गायक तोच, सभागृह तेच, श्रोतेही तेच. पूर्वार्धातली गाणी निषेधगीते नव्हतीच. ती गूढ, लांबलचक आणि खाजगी होती, तरी सभागृहाने ती शांतपणे ऐकून टाळ्या दिल्या. म्हणजे राजकारण सोडल्याचा राग असला तरी तो लाकडी गिटारीपुढे गप्प बसत होता. उत्तरार्धात त्याने पूर्वी एकट्याने गायलेली काही गाणीही वाद्यवृंदासह म्हटली, आणि एकाची सुरुवात करताना हे पूर्वी तसे होते, आता असे आहे, अशा अर्थाचे सांगितले. त्या गाण्यांचे शब्द लोकांना पाठ होते, तरीही विरोध वाढतच गेला. त्यामुळे शब्द न कळणे हे एकमेव कारण मानता येत नाही. या श्रोत्यांना डिलनचा नवा आवाज तबकड्यांवरून ठाऊक होता. अनेक जण निषेध करायचा ठरवूनच आले असावेत, असे मला वाटते. त्यात हे सभागृह पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंदांच्या मैफलींचे होते. जे प्रतिध्वनी व्हायोलिनला भरदारपणा देतात, तेच ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला लांबवून पुढच्या शब्दावर पसरवतात. न्यूपोर्टच्या उघड्या मैदानात ही अडचण नव्हती.

शेवटच्या गाण्याआधी सभागृहातून एकाने ‘जूडस!’ अशी आरोळी ठोकली. चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला शत्रूच्या हाती देणाऱ्या शिष्याचे हे नाव आहे. बाहेरच्या कोणाला ते लावताच येत नाही. आधी शिष्य असावे लागते, आणि मोबदल्यात पैसा असावा लागतो. तू खोटारडा आहेस, असे उत्तर देऊन डिलन वादकांकडे वळला आणि त्याने त्यांना आणखी जोरात वाजवायला सांगितले.

त्याच्या काही मिनिटे आधी घडलेला प्रसंग मात्र मला अधिक बोलका वाटतो. दोन गाण्यांच्या मध्ये श्रोत्यांनी निषेधाच्या संथ, एकसुरी टाळ्या सुरू केल्या होत्या. डिलनने आवाज चढवला नाही. तो मायक्रोफोनपाशी अगदी हळू आवाजात काहीतरी पुटपुटू लागला, ज्यातले अक्षरही कळत नव्हते. तो काय सांगतो आहे हे ऐकण्यासाठी एकेक जण टाळ्या थांबवू लागला आणि सभागृह शांत होत गेले. पुरेशी शांतता झाल्यावर त्याचे शेवटचे वाक्य तेवढे स्पष्ट ऐकू आले : तुम्ही इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या नसत्या तर!