घरात पाणी शिरून गेल्यावर वीज चालू करण्याआधी

चिपळूणकरांना पुराचं पाणी नवं नाही. 2005 च्या जुलैत आलं, 22 जुलै 2021 ला त्याहून वाईट आलं. 2021 मध्ये बाजारपेठ, पेठमाप, मुरादपूर, खेर्डी या भागांत आम्ही वायरमन कामाला गेलो, तेव्हा घरोघरी एकच वाक्य ऐकलं: "अहो, लाइट लागली, म्हणजे वायरिंग ठीक आहे." त्या वाक्यासाठीच हे पत्रक काढलं आहे, कारण ते चूक आहे.

भिजलेल्या वायरिंगवरही बल्ब नीट लागतो. नऊ वॅटच्या एलईडी बल्बला साधारण 40 मिलिॲम्पिअर करंट लागतो. माणसाच्या छातीतून तेवढाच करंट थोडा वेळ गेला तरी जीव जाऊ शकतो. बोर्डातल्या ओल्या गाळातून भिंतीकडे, अर्थकडे किंवा फ्रिजच्या पत्र्याकडे एवढा करंट झिरपत असला तरी बल्बला त्याचं सोयरसुतक नसतं. एमसीबीलाही नसतं. सहा ॲम्पिअरची एमसीबी म्हणजे 6,000 मिलिॲम्पिअर. ती वायर जळू नये म्हणून बसवलेली असते, माणसाला वाचवण्यासाठी नाही.

पाणी ओसरल्यावर घरात पाय ठेवताना

तुमच्या भागात वीज गेलेली असली तरी ती केव्हाही येऊ शकते. महावितरणने फिडर चालू केला की ज्या घराचा मेन चालू राहिला आहे, त्या घरात वीज थेट आत येते, मग तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे का असेना. म्हणून चिखल उपसण्याआधी मेन बंद करायचा. पण त्याला अट आहे: मेनपर्यंत कोरड्या जागेवरून, कोरड्या हातांनी आणि कोरड्या चपलांनी पोचता आलं तरच. मेन जिन्याखाली असेल आणि तिथे पाणी साचलेलं असेल, तर तिकडे जाऊच नका. मीटर किंवा मीटरच्या आधीचं कटआउट पाण्यात गेलं असेल, तर ते काम आमचंही नाही, तुमचंही नाही. महावितरणला 1912 वर कळवा आणि खांबावरून वीज तोडून घ्या. लाकडी काठीने मेन पाडायचा जुना उपाय अशा वेळी करू नका. पुरात घरातलं लाकूड कोरडं राहिलेलं नसतं.

घरात शिरताच आधी वास घ्या. सिलिंडर तरंगून नळी निसटलेली असते, आणि गॅसचा वास असेल तर मेनला हातसुद्धा लावायचा नाही. स्विच बंद करतानाही ठिणगी पडते. दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं.

मेन बंद केला म्हणजे घरातली वीज गेली, असं ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी समजू नये. 2021 मध्ये आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलाला अशा घरात झटका बसला. मेन बंद होता, बोर्ड उघडला आणि आत 230 व्होल्ट होते. इन्व्हर्टर वरच्या फळीवर कोरडा होता आणि त्याला वाटलं वीज गेली आहे, म्हणून तो इमानेइतबारे पंखे-दिव्यांची लाइन चालवत होता. त्यामुळे इन्व्हर्टर समोरच्या बटणाने बंद करा आणि बॅटरीच्या वायरी वायरमनकडून सोडवून घ्या. बॅटरी पाण्यात बुडाली असेल तर ती हलवू नका, तिच्याजवळ काडी ओढू नका. छपरावर सोलर असेल तर ऊन असेपर्यंत पॅनलपासून खाली येणाऱ्या वायरीत वीज राहते, मेन बंद असला तरीही. ज्यांनी सोलर बसवलं त्यांनाच बोलवा.

टेस्टर आणि पडणारी आरसीसीबी

टेस्टर लावून "वीज नाही" असं ठरवू नका. टेस्टर आतून भिजलेला असला, तर वीज असूनही तो पेटत नाही, आणि न्यूट्रल तुटलेलं असलं तर भलत्याच ठिकाणी पेटतो.

बऱ्याच घरांत आता आरसीसीबी असते. बोर्डात रुंद स्विच दिसतो, त्यावर लहान टेस्ट बटण असतं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही, तर फरक 30 मिलिॲम्पिअर होण्याच्या आतच ती पडते. पाणी आलेल्या घरात ती वारंवार पडते आणि मग घरातले वैतागतात. सगळ्या एमसीबी बंद केल्या तरी ती उभीच राहात नाही, म्हणून तिलाच खराब ठरवतात आणि कुणीतरी वायर जोडून तिला बाजूला काढतो. घरात लाइट येते, कारागिराला चहा मिळतो.

तिची चूक काहीच नसते. घरातल्या साध्या एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलंच राहतं. खालच्या बोर्डात ओल्या गाळातून न्यूट्रल अर्थला टेकलं असेल, तर वरच्या मजल्यावर पंखा लावला तरी थोडा करंट त्या वाटेने अर्थमध्ये जातो आणि आरसीसीबी पडते. ओल्या लाइनचं न्यूट्रलही बोर्डातल्या पट्टीवरून सोडवलं की ती उभी राहते. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण वायरमनचं आहे. तुमच्या घरी कुणी आरसीसीबी बाजूला काढायला निघाला, तर त्याला थांबवा.

उलट बाजूही सांगायला हवी: आरसीसीबी पडत नाही म्हणजे वायरिंग कोरडी आहे, असंही नाही. ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

एका घराचं काम कसं झालं

मुरादपूर भागातलं एकमजली घर, खाली साडेतीन फूट पाणी. मुख्य बोर्ड पाच फुटांवर, तो कोरडा. दिवे-पंख्यांचे स्विचबोर्ड चार-साडेचार फुटांवर, तेही वाचले. पण फ्रिज, टीव्ही आणि वॉशिंग मशीनचे प्लग फूटभर उंचीवर होते, ते बुडाले. घरमालकांनी वीज लावून पाहिली होती, सगळं चालत होतं, फक्त "फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात" म्हणाले.

आम्ही मेगर लावला. मेगर म्हणजे वायरवर 500 व्होल्टचा दाब देऊन तिच्या आवरणातून किती झिरपतं ते मोजणारं यंत्र. मेन बंद करून, सगळे प्लग आणि एलईडी बल्ब काढून मग हे करायचं, नाहीतर त्या दाबाने चांगल्या वस्तू जातात. किमान 1 मेगओहम यायला हवा. त्या घराचा आकडा आला 0.02, म्हणजे वीस हजार ओहम. 230 ला त्याने भागा: साडेअकरा मिलिॲम्पिअर सतत झिरपत होते. आरसीसीबी पडण्याइतके नाहीत, पण हाताला मुंग्या येण्याइतके, आणि ओल्या फरशीवर अनवाणी लहान मूल असेल तर त्याहून जास्त इजा होण्याइतके.

मग एकेक लाइन सोडवून मोजली. वरचा मजला 50 मेगओहम, खालचे दिवे-पंखे 8, बाहेरचा पंप 0.1 आणि खालचे प्लग 0.025. दोष कुठे ते कळलं. वरचा मजला आणि खालचे दिवे त्याच दिवशी चालू करून दिले. ओल्या दोन लाइनींची फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडून ठेवली.

खालचे प्लग उघडले तर पेट्यांत काळा गाळ बसला होता. सॉकेट आणि स्विच फेकले. फ्रिजमागच्या पाइपात जुना, नुसती टेप गुंडाळलेला जॉइंट निघाला. अखंड वायर पुरात बहुधा टिकते, जॉइंट टिकत नाही. तेवढा तुकडा ओढून काढून नवी वायर घातली, पेट्या धुऊन उघड्या ठेवल्या. पंपाची जमिनीतली केबल बदलली. पेट्या वाळायला सहा दिवस लागले. श्रावणाच्या हवेत याहून लवकर होत नाही, हे गिऱ्हाइकांना पटवणं हेच आमचं निम्मं काम असतं. सहाव्या दिवशी 3 मेगओहम आले, मग चालू केलं. हेअर ड्रायरने पेटी बाहेरून कोरडी दिसते, पाइपाच्या वाकणात साचलेलं पाणी तसंच राहतं.

काय ठेवायचं, काय टाकायचं

बुडालेली एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट, होल्डर आणि पंख्याचा रेग्युलेटर धुऊन वापरायचे नाहीत. एमसीबीच्या आत गाळ बसला की ती चालू दिसते, आणि नेमकी पडायच्या वेळी पडत नाही. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासारखी ही जागा नव्हे.

मोटर असलेल्या वस्तू बऱ्याचदा वाचतात. मिक्सर, पंखा, पंप यांची मोटर स्वच्छ पाण्याने धुऊन, उघडी करून वाळवून, मेगर लावून पाहता येते; कपॅसिटर आणि बेअरिंग बदलावे लागतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंदिस्त असतो, तो सहसा जात नाही. त्याचा रिले मात्र बदलायचा. पण फ्रिजच्या भिंतीतल्या फोमात गटाराचं पाणी गेलं असेल, तर दुरुस्तीचा खर्च करू नका, तो वास जात नाही. बोअरची मोटर पाण्यातच राहायची वस्तू आहे, तिची काळजी नको. तिचा स्टार्टर बुडाला असेल तर त्याची करा. गिझरचा थर्मोस्टॅट बदला आणि आतली लोकर ओली असेल तर गिझर सोडून द्या.

टीव्ही आणि ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचं कार्ड धुऊन कधी चालतं, कधी महिन्याभराने गंजून बंद पडतं. आम्ही त्याची हमी देत नाही. मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. प्लग काढलेला असला तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठलेला असू शकतो. कुठलीही वस्तू "बघू तरी चालते का" म्हणून लावू नका. वाचू शकणारी मोटर बहुतेक वेळा त्या एका चाचणीतच जळते. विमा असेल तर वस्तू टाकण्याआधी, भिंतीवरची पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढून ठेवा.

आम्हाला फोन करताना

पाणी जमिनीपासून किती फूट चढलं, मीटर बुडालं का, घरात इन्व्हर्टर किंवा सोलर आहे का, आणि कशाला हात लावल्यावर झटका किंवा मुंग्या जाणवल्या, एवढं सांगा. मीटर बुडालं असेल तर आधी 1912 वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक आम्हाला द्या. पुरानंतरच्या आठवड्यात आम्ही आधी ती घरं घेतो जिथे मुंग्या येताहेत, नंतर जिथे आरसीसीबी पडते आहे आणि शेवटी जिथे नुसतीच वीज नाही. अंधारातलं घर मागे का, असं बरेच जण रागाने विचारतात. वीज नसलेल्या घरात शॉक बसत नाही, म्हणून.