रेषेला फुगवटा कसा आला: उत्पादन शक्यता वक्राची पार्श्वभूमी

हाताशी असलेली सगळी साधने वापरून देश दोन वस्तू जास्तीत जास्त किती बनवू शकतो, ती सीमा दाखवणारी रेषा म्हणजे उत्पादन शक्यता वक्र. पाठ्यपुस्तकातल्या या वक्रावर एका अक्षावर बंदुका असतात, म्हणजे युद्धसामग्री, दुसऱ्यावर लोणी, म्हणजे घरगुती खपाचा माल. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांच्या १९४८च्या पुस्तकाने ही जोडी घरोघरी पोचवली. वक्र मात्र त्याहून जुना आहे.

इंग्रज अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोच्या दारू-कापडाच्या हिशेबात खर्च म्हणजे फक्त श्रम. एक कामगार द्राक्षमळ्यातून मागावर गेला की दर वेळी तेवढेच कापड वाढणार, म्हणून त्यातून निघते ती सरळ रेषा. १९३०मध्ये व्हिएन्नाचे अर्थतज्ज्ञ गॉटफ्रीड हाबरलर यांनी हा श्रमाचा मापदंड सोडला. कापडाचा खर्च म्हणजे त्यासाठी सोडावी लागलेली दारू, असे त्यांनी मांडले. जमीन, यंत्रे, कौशल्ये सगळ्याच कामांना सारखी उपयोगी नसतात. आधी कापडाला योग्य माणसे हलतात, मग मुरलेले द्राक्षबागायतदारही हलवावे लागतात. पुढच्या प्रत्येक ठाणामागे जास्त दारू सोडावी लागते आणि रेषा बाहेरच्या बाजूला फुगते.

हे सगळे कागदावरचे. खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. १९४०मध्ये अमेरिकेत बेकारी १४ टक्क्यांवर होती, म्हणजे देश वक्राच्या बराच आत होता. त्यामुळे सुरुवातीला शस्त्रेही वाढली आणि घरगुती खपही. कोणालाच काही सोडावे लागले नाही. मग फेब्रुवारी १९४२मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन थांबवावे लागले. पुढच्या वर्षी लोणीही रेशनवर आले.

वक्राची कड जवळ आली होती, पण ती नेमकी कुठे? जानेवारी १९४२मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या वर्षासाठी ६०,००० विमानांचे लक्ष्य जाहीर केले होते. युद्ध उत्पादन मंडळातले अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स आणि रॉबर्ट नाथन यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांवरून हिशेब मांडला, की लष्कराच्या सगळ्या मागण्यांची बेरीज देशाच्या आवाक्याबाहेर आहे. लष्कराचा पुरवठा पाहणारे जनरल सॉमरवेल भडकले. हे अहवाल विचारी माणसांच्या नजरेआड ठेवावेत, असे त्यांनी लिहून कळवले. अखेर आकडेच जिंकले. १९४३चा सुमारे ९३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम ८० अब्जांवर आणला गेला. वक्राबाहेरचे लक्ष्य ठेवले असते, तर विमानांचे सांगाडे तयार होऊन इंजिनांवाचून पडून राहण्याची भीती होती. कड ओलांडल्याची खूण ती हीच: एका बाजूला अर्धवट माल, दुसऱ्या बाजूला सुट्या भागांचा तुटवडा.

आणि वक्र तरी कुठे स्थिर होता? कामावर येणाऱ्या बायका वाढत होत्या, नवे कारखाने उभे राहत होते. आग्नेय आशियातले रबर जपानच्या हाती गेल्यावर अमेरिकेने कृत्रिम रबराचा उद्योगच उभारला. ही बाहेर सरकणारी कड म्हणजे आर्थिक वाढ. बेकारांना काम मिळणे वेगळे, तेव्हा बिंदू हलतो, वक्र नाही. त्या चार वर्षांत दोन्ही एकदम घडले, म्हणून ती वर्षे एका आकृतीत बसवणे अवघड जाते.